पत्रात पाच लाख, खात्यात किती?

समजा, तुळशीच्या लग्नाला साताऱ्याच्या घरी दोन मावसबहिणी भेटल्या आहेत. दोघी पुण्यात नोकरीला, मोठी हिंजवडीत आणि धाकटी चाकणला. हिशेब सोपा राहावा म्हणून दोघींचा पगार सारखा धरू, महिना १,९५,००० रुपये. ऑक्टोबर २०२५च्या पगारासोबत दोघींना बोनसही सारखाच मिळाला, ४ लाख रुपये. पण मोबाइलवरचे बँकेचे मेसेज शेजारी ठेवले, तर मोठीच्या खात्यात ५,४०,३९५ रुपये आलेत आणि धाकटीच्या खात्यात ४,४२,२४५. तब्बल ९८,१५० रुपयांचा फरक.

“ताई, तुझ्या कंपनीनं टॅक्स कापायचा ठेवला, की माझ्या कंपनीनं जास्तीचा कापला?” धाकटीने विचारलं.

दोन्हींतलं काहीच झालेलं नाही. दोन्ही कंपन्यांनी कायद्याप्रमाणेच कर कापला आहे, आणि ३१ मार्च २०२६ला वर्ष संपेल तेव्हा दोघींच्या बोनसमधून उरलेली रक्कम रुपयापर्यंत सारखी असेल. ती रक्कम मेसेजमध्ये दिसत नाही, पगाराच्या स्लिपवरही दिसत नाही. ती स्वतःच काढावी लागते. कागद, पेन आणि दहा मिनिटं पुरतात.

त्याआधी एक गळती बघू, जिचा कराशी संबंध नाही. नोकरीच्या पत्रात मोठीला ५ लाखांचं ‘व्हेरिएबल’ लिहून दिलं होतं आणि सीटीसीच्या बेरजेत ते पूर्ण धरलं होतं. पत्रातला हा आकडा उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं तर मिळणारा असतो. बऱ्याच कंपन्यांत प्रत्यक्ष रक्कम दोन गुणकांनी ठरते, एक कंपनीच्या कामगिरीचा आणि दुसरा त्या माणसाच्या कामगिरीचा. मोठीचं स्वतःचं काम शंभर टक्के ठरलं, पण कंपनीचा गुणक ८० टक्के लागला. पाचाचे चार झाले ते इथे. हा एक लाख मिळालाच नाही, म्हणून त्यावर करही नाही. मात्र अनेकजण पत्रातल्या पाच लाखांतून खात्यात आलेली रक्कम वजा करतात आणि सगळी तूट प्राप्तिकर खात्याच्या नावावर मांडतात. तिथूनच हिशेब चुकायला लागतो.

आता उरलेले चार लाख. बोनसवर वेगळा कर असतो, असा समज सर्रास आढळतो. भारतात तसा वेगळा दर नाही. कायद्याच्या लेखी बोनस हा पगारच आहे, मग त्याला कामगिरी बोनस म्हणा, दिवाळी बोनस म्हणा किंवा महापालिकांच्या भाषेत सानुग्रह अनुदान म्हणा. वर्षाच्या पगारात तो मिळवायचा आणि एकूण बेरजेवर कर काढायचा. बेरीज कोणत्या वर्षात करायची, याचाही नियम आहे: पगार देय होणं किंवा हाती पडणं, यांतलं जे आधी घडेल ते वर्ष. कंपनी जाहीर करेपर्यंत असा बोनस देय होत नाही. त्यामुळे काम २०२४-२५मध्ये केलेलं असलं, तरी ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर होऊन मिळालेला बोनस २०२५-२६च्याच उत्पन्नात बसतो. ‘हा गेल्या वर्षीचा आहे, गेल्या वर्षीच्या स्लॅबने कापा’ असं एचआरला सांगून उपयोग होत नाही.

बेरजेत बोनस सगळ्यात शेवटी येतो, आणि खरी मेख इथेच आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्नाचे पहिले ४ लाख करमुक्त आहेत. त्यापुढे प्रत्येक ४ लाखांना एक पायरी: ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२पर्यंत १०, १६पर्यंत १५, २०पर्यंत २०, २४पर्यंत २५ आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. खालच्या पायऱ्या महिन्याच्या पगारानेच भरून गेलेल्या असतात. बोनसला जागा मिळते ती वरच्या टोकाला. म्हणूनच बोनस सगळ्यात वरच्या दराने कापला गेल्यासारखा दिसतो, आणि त्यात खोटं काहीच नाही.

मोठीचे आकडे घेऊ. वर्षाचा नेहमीचा पगार २३,४०,०००. त्यातून पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची स्टँडर्ड डिडक्शन वजा केली की करपात्र रक्कम २२,६५,०००. बोनस नसता, तर यावर २,६६,२५० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे १०,६५० रुपये, असे मिळून २,७६,९०० रुपये झाले असते. बाराने भागलं की महिन्याला २३,०७५. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिच्या स्लिपवर टीडीएसचा हाच आकडा होता.

मग ऑक्टोबरात ४ लाख आले. २४ लाखांची पायरी भरायला अजून १,३५,००० रुपयांची जागा शिल्लक होती. म्हणून बोनसचे पहिले १,३५,००० रुपये २५ टक्क्यांत बसले आणि त्यावर ३३,७५० रुपये कर लागला. उरलेले २,६५,००० शेवटच्या पायरीवर गेले, त्यावर ३० टक्क्यांनी ७९,५०० रुपये. दोन्ही मिळून १,१३,२५०. त्यावर सेस ४,५३०. एकूण १,१७,७८० रुपये.

चार लाखांतून हे वजा केले की उरतात २,८२,२२० रुपये. बोनसची खरी रक्कम ती ही. पत्रातल्या पाच लाखांपासून इथवर येताना एक लाख कामगिरीच्या गुणकात गेले आणि १,१७,७८० करात.

पडताळायचं असेल तर उलट बाजूने करून पाहावं. बोनस धरून करपात्र उत्पन्न २६,६५,०००, त्यावर सेससह पूर्ण वर्षाचा कर ३,९४,६८०. बोनसशिवायचा कर २,७६,९००. फरक तोच, १,१७,७८०. बोनसवर किती कर लागला, या प्रश्नाला हा फरक हेच एकमेव बरोबर उत्तर आहे, मग कंपनीने तो कोणत्या महिन्यात कापलेला असो. ज्यांचा नेहमीचा पगारच २४ लाखांची करपात्र पायरी ओलांडून गेलेला आहे, त्यांना एवढीही आकडेमोड नको. ३० टक्के आणि त्यावरचा सेस मिळून ३१.२ टक्के होतात, म्हणजे बोनसच्या दर लाखातले ६८,८०० रुपये त्यांचे. पंचवीसच्या पायरीवर असणाऱ्याला लाखातले ७४,००० मिळतात आणि वीसच्या पायरीवर ७९,२००.

इथे एक गोंधळ हटकून होतो. मोठीच्या वर्षभराच्या एकूण कराला तिच्या एकूण मिळकतीने भागलं, तर तिचा सरासरी दर १४.४ टक्के निघतो. बोनसवर मात्र साडेएकोणतीस टक्के गेले. ‘माझा दर चौदा टक्के असताना बोनसवर दुप्पट का?’ असं विचारणारे कमी नसतात. सरासरीत तळाचे करमुक्त चार लाख आहेत, पाच टक्क्यांचे चार आहेत, दहाचे चार आहेत. या खालच्या पायऱ्यांचा सगळा फायदा दरमहाच्या पगाराने आधीच घेऊन टाकला आहे. बोनसच्या वाटणीला त्यातलं काही उरत नाही.

याच्या उलट टोकाची भीतीही तितकीच पसरलेली आहे: बोनसमुळे आपण तिसाच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर तीस टक्के. तसं अजिबात होत नाही. मोठीच्या २६,६५,००० पैकी तीस टक्के लागले ते फक्त शेवटच्या २,६५,००० रुपयांना.

आता त्या ९८,१५० रुपयांकडे वळू.

प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे कंपनीने कर्मचाऱ्याच्या पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा आणि त्याच्या सरासरीने दर महिन्याच्या पगारातून कापायचा असतो. वर्षाच्या मधे अंदाज बदलला, तर कमी-जास्त झालेली रक्कम त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत जुळवून घ्यायची मुभा तिला आहे. या मुभेमुळे व्यवहारात तीन पद्धती दिसतात.

धाकटीच्या कंपनीने बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्यात कापला. तिच्या ऑक्टोबरच्या स्लिपवर नेहमीचे २३,०७५ आणि बोनसमुळे वाढलेले १,१७,७८० मिळून टीडीएस १,४०,८५५ रुपये झाला. पीएफचे ११,७०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाऊन एरवी तिच्या हातात १,६०,०२५ रुपये येतात. त्यात बोनसचे २,८२,२२० मिळवले की ४,४२,२४५ हा मेसेजमधला आकडा जुळतो. तिला धक्का बसला खरा, पण तिचा हिशेब त्याच दिवशी संपला. नोव्हेंबरपासून तिच्या हातात पुन्हा नेहमीचे १,६०,०२५ येणार.

मोठीच्या कंपनीने तोच १,१७,७८० रुपयांचा कर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांवर वाटला. महिन्याला १९,६३० जादा. म्हणून ऑक्टोबरमध्ये तिच्या बोनसमधून तेवढेच गेले आणि खात्यात घसघशीत रक्कम दिसली. पण अजून पाच हप्ते बाकी आहेत. १९,६३० गुणिले ५, म्हणजे ९८,१५०. दोन बहिणींच्या मेसेजमधला फरक नेमका हाच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मोठीच्या हातात दर महिन्याला १,४०,३९५ रुपयेच येतील, आणि फेब्रुवारीत व्यवसाय कर २००ऐवजी ३०० असतो म्हणून आणखी शंभर कमी.

तिसऱ्या पद्धतीत कंपनी एप्रिलमध्येच अपेक्षित बोनस अंदाजात धरते आणि वर्षभर थोडा थोडा कर आधीच कापत राहते. मग बोनसच्या महिन्यात जवळपास काहीच कापलं जात नाही, आणि त्या घरात ‘आमच्या बोनसवर टॅक्स नसतो’ असा समज पक्का होतो.

या तिन्हींत नुकसान कोणाचंच नाही. फसगत होते ती मात्र दुसऱ्या पद्धतीत. खात्यात आलेल्या रकमेतून एरवीचा पगार वजा केला, तर मोठीला आपला बोनस ३,८०,३७० रुपये वाटतो. तेवढ्याच्या भरवशावर तिने गाडीचं डाउन पेमेंट भरलं आणि एरवीच्या १,६०,००० पगाराच्या हिशेबाने हप्ता ठरवला, तर नोव्हेंबरपासून सलग पाच महिने तिला जवळजवळ वीस हजार कमी पडतील. तेव्हा ती पेरोलला फोन करून विचारणार की माझा पगार का घटला. पगार घटलेला नसतो. ऑक्टोबरात जास्त दिसलेले पैसे परत चाललेले असतात. स्लिप आल्यावर एवढंच बघावं: बोनसच्या महिन्यातला टीडीएस आणि त्याआधीच्या महिन्यातला टीडीएस यांतला फरक आपण काढलेल्या करावाढीएवढा आहे का? तेवढा असेल तर हिशेब चुकता झाला. बराच कमी असेल तर उरलेली रक्कम मार्चपर्यंतच्या पगारातून जाणार, आणि ती बाजूला काढून ठेवायला हवी.

बाकीच्या कपातींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पीएफच्या कायद्यात मूळ वेतनाच्या व्याख्येतून बोनस वगळलेला आहे, म्हणून असा वार्षिक बोनस दिल्यामुळे पीएफची कपात वाढत नाही. महाराष्ट्रातला व्यवसाय करही वाढत नाही. वर्षाला २,५०० ही त्याची कमाल मर्यादा या पगाराला आधीच गाठली गेली आहे.

जी मंडळी अजून जुन्या करप्रणालीत आहेत, त्यांना तीस टक्क्यांची पायरी १० लाखांपासूनच लागते. या बहिणी जुन्या प्रणालीत असत्या, तर पूर्ण चार लाखांवर ३१.२ टक्के गेले असते आणि २,७५,२०० उरले असते. जुनी की नवी, हा निर्णय अर्थात फक्त बोनसकडे पाहून होत नाही. घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, कलम ८० सी अशा वजावटी किती आहेत त्यावर तो ठरतो.

आतापर्यंत सगळ्यात वरच्या पायरीविषयी बोललो. पण बोनसवर सगळ्यात जड कर सगळ्यात वरच्या पायरीवर लागत नाही. तो लागतो त्याच्या बराच खाली, १२ लाखांच्या कुंपणाजवळ, आणि ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही.

नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल, तर कलम ८७ अ खाली पूर्ण कर माफ होतो. स्टँडर्ड डिडक्शन मिळवून पगारदारासाठी ही रेषा १२,७५,००० रुपयांवर येते. ती ओलांडली की माफी जाते आणि तळापासूनचा कर जागा होतो. रेषेपलीकडे एक रुपया गेला म्हणून एकदम साठ हजारांचा कर लागू नये, यासाठी कायद्याने सीमांत सवलत ठेवली आहे: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न असेल, त्याहून जास्त कर नाही. ऐकायला हे दिलासा देणारं वाटतं. त्याचा अर्थ मात्र असा, की रेषेच्या वरचा सगळाच्या सगळा रुपया करात जातो.

एक कारखान्यातला पर्यवेक्षक धरू. वर्षाचा पगार नेमका १२,७५,०००, कर शून्य. दिवाळीला ६०,००० रुपये बोनस मिळाला. करपात्र उत्पन्न झालं १२,६०,०००. स्लॅबप्रमाणे कर येतो ६९,०००. सीमांत सवलतीने तो ६०,०००वर आला. त्यावर ४ टक्के सेस, २,४०० रुपये. एकूण ६२,४००. म्हणजे साठ हजारांचा बोनस घेऊन हा माणूस वर्षाअखेरीस बोनस न मिळालेल्या आपल्या सहकाऱ्यापेक्षा २,४०० रुपयांनी मागे राहिला. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत ही अवस्था टिकते. त्यानंतर स्लॅबप्रमाणे येणारा कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा कमी होतो आणि पुढच्या रुपयांतले बहुतेक पैसे पुन्हा हातात पडू लागतात. ज्यांचा पगार बारा-सव्वाबारा लाखांच्या आसपास आहे, त्यांनी बोनस जाहीर होण्याआधीच ही आकडेमोड करायला हवी. तीस टक्क्यांच्या स्लॅबची चर्चा सगळीकडे होते, आणि शंभराहून जास्त टक्के भरणारा हा पर्यवेक्षक त्या चर्चेत कुठेच नसतो.

असंच दुसरं कुंपण ५० लाखांवर आहे. तिथे संपूर्ण कराच्या रकमेवर १० टक्के अधिभार लागतो. करपात्र उत्पन्न ४९ लाख असलेल्या अधिकाऱ्याला ३ लाख बोनस मिळून ते ५२ लाख झालं, तर सेससह त्याचा कर १०,९२,००० वरून १३,०४,१६० वर जातो. तीन लाखांतले ८७,८४० उरतात.

यावर करता येण्यासारखं थोडंच आहे, आणि जे आहे ते वेळेआधी करायचं आहे. नव्या प्रणालीत ८० सीसारख्या वजावटी नाहीत, पण एक दार उघडं आहे: कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेला हिस्सा. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही रक्कम कलम ८० सीसीडी (२) खाली उत्पन्नातून वजा होते. मोठीचं मूळ वेतन महिना ९७,५०० आहे. त्याचे वर्षाचे १४ टक्के होतात १,६३,८००. पगाराची रचना बदलून एवढी रक्कम कंपनीमार्फत एनपीएसमध्ये गेली, तर ती सगळी तिच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरते आणि सुमारे ५१,१०० रुपये कर वाचतो. त्या पर्यवेक्षकाच्या बाबतीत तर साठ हजार या वाटेने गेले, तर त्याचा कर पुन्हा शून्यावर येतो. अटी दोन. हा हिस्सा कंपनीने भरायचा असतो, स्वतः भरलेल्या पैशांना नव्या प्रणालीत ही वजावट नाही. आणि तो पैसा निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतो. ज्याला बोनसमधून मुलीची फी भरायची आहे, त्याला ही वाट चालणार नाही.

हिशेब सगळ्यात वाईट बिघडतो तो बोनस घेऊन नोकरी बदलणाऱ्यांचा. धाकटीच्याच रकमा घेऊ. समजा तिने सप्टेंबरअखेर सहा महिन्यांचे ११,७०,००० आणि ४ लाख बोनस घेऊन नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून तेवढ्याच पगारावर दुसरीकडे रुजू झाली. जुन्या कंपनीच्या लेखी तिचं वर्ष १५,७०,००० रुपयांवर संपलं. त्यावर कर १,०८,४२०. नव्या कंपनीला तिचे फक्त सहा महिन्यांचे ११,७०,००० दिसतात. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ते १२ लाखांच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. तळाच्या पायऱ्या दोनदा वापरल्या गेल्या, स्टँडर्ड डिडक्शन दोनदा मिळाली. सहा महिने हातात चांगला पगार येत राहतो. आणि जुलैत रिटर्न भरायला बसल्यावर कळतं की वर्षाचा कर ३,९४,६८० आहे आणि २,८६,२६० भरायचे राहिले आहेत. वर एप्रिलपासून महिना एक टक्क्याने व्याज, जुलैत भरले तर चार महिन्यांचं ११,४४८ रुपये, आणि आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं. रुजू होतानाच फॉर्म १२ बी भरून आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवला असता, तर हीच रक्कम सहा महिन्यांत हळूहळू वळती झाली असती. नव्या कंपनीत पहिल्याच महिन्यात टीडीएस अनपेक्षितपणे शून्य किंवा फार कमी दिसला, तर आनंद मानण्याआधी हा फॉर्म आठवावा.

नव्या नोकरीची बोलणी करताना हेच गणित उलटं उपयोगी पडतं. तिसाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला जुन्या कंपनीत सोडून यावा लागणारा, हातात ३ लाख पडला असता असा बोनस भरून हवा असेल, तर त्याने ३ लाख मागून भागत नाही. ३ लाखांना ०.६८८ने भागायचं. येतात ४,३६,०४७ रुपये. कराआधीची मागणी एवढी असायला हवी. आणि करारपत्रात वर्षभरात नोकरी सोडल्यास हा जॉइनिंग बोनस परत करावा लागेल असं कलम असेल, तर परतफेड कराआधीच्या रकमेची आहे की हातात आलेल्या, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावं. हातात आले तीन आणि परत करायचे चार लाख छत्तीस हजार, अशी वेळ त्या एका ओळीमुळे येते. मध्ये ३१ मार्च उलटून गेला असेल, तर आधीच्या वर्षात भरलेला कर सोडवणं आणखी कठीण होऊन बसतं.

वर दिलेली कलमं १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातली आहेत, कारण २०२५-२६चं उत्पन्न त्याच कायद्याखाली येतं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले. बोनस पगारात मिळवून वरच्या पायरीवर मोजायची रीत तीच राहिली.

कापलेला कर खरोखर सरकारकडे पोहोचला का, हेही पाहता येतं. कंपनीने एखाद्या महिन्यात कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. पण कर्मचाऱ्याच्या फॉर्म २६ एएसमध्ये तो लगेच उमटत नाही. कंपनीने तिमाही विवरणपत्र भरल्यावर तो दिसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे दिवाळीच्या बोनसवरचा कर नोव्हेंबरात २६ एएसमध्ये दिसला नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही. फेब्रुवारीतही दिसला नाही, तर मात्र पेरोलला लेखी विचारावं.

धाकटीने आपली तिमाही फेब्रुवारीत तपासली, तेव्हा ऑक्टोबरच्या ओळीपुढे १,४०,८५५ होते. मोठीच्या नावावर ४२,७०५, आणि नोव्हेंबर, डिसेंबरलाही तेच. जूनमध्ये फॉर्म १६ आला, तेव्हा दोघींच्या कागदावर कापलेल्या एकूण कराची रक्कम एकच होती: ३,९४,६८०.